त्रेसष्ट अक्षरांचा विग्रह

रिंटफ्लाइशएटिकेटीरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबेनयूबरट्रागुंग्सगेझेट्स.

हा एकच शब्द आहे. जर्मन लिपीत लिहिला की त्याची ६३ अक्षरे होतात आणि मध्ये कुठे जागा नसते, रेघ नसते. जर्मनीच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्राच्या काठी मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न नावाचे राज्य आहे. श्वेरीन ही त्याची राजधानी. तिथल्या विधिमंडळापुढे १९९९ साली जो एक कायदा आला, त्याच्या नावातला हा शब्द. दरवर्षी ‘वर्षाचा शब्द’ निवडणाऱ्या जर्मन भाषा मंडळाने त्या वर्षी त्याचाही विचार केला होता. मान ‘मिलेनियम’ला मिळाला, पण हा शब्द जगभर गाजला. जर्मन भाषेची गंमत सांगायची झाली की लोक तो दाखवतात, ऐकणारे हसतात आणि विषय तिथेच संपतो.

मला तो तिथे संपवावासा वाटत नाही. पुण्यात जर्मन शिकले तेव्हापासून आणि पुढे भाषांतराचे काम करू लागल्यावर तर रोजच, अशा शब्दांशी माझा संबंध येतो. हे शब्द नुसते मोठे नसतात. ते बांधलेले असतात आणि बांधलेले म्हणूनच उलगडता येतात. शाळेत समास शिकलेल्या मराठी माणसाला तर हे काम अनोळखी वाटायला नको. आपण ‘विग्रह करा’ म्हणतो ते हेच. फरक एवढाच की आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात दोन पदांचा विग्रह करून थांबता येते आणि इथे तोच विग्रह एकावर एक सहा वेळा करावा लागतो.

सुरुवात कुठून करायची, हे आधी ठरवावे लागते. डोळे सवयीने डावीकडून निघतात: रिंट, म्हणजे गाय-बैल. रिंटफ्लाइश, म्हणजे त्यांचे मांस. मग मनात कसायाचे दुकान उभे राहते आणि पुढची पन्नासएक अक्षरे त्या दुकानात कोंबायची खटपट सुरू होते. जर्मन समास असा उघडत नाही. त्याचे घर शेवटच्या पदाच्या नावावर असते. शेवटचे पद आहे गेझेट्स, म्हणजे कायदा. ‘सेत्सेन’ म्हणजे ठेवणे, बसवणे. जे घालून दिले आहे ते गेझेट्स. तेव्हा ही ६३ अक्षरे मांसाबद्दल काही सांगण्याआधी एक गोष्ट सांगतात, की आपण एक कायदा आहोत. आधीची सगळी पदे त्या कायद्याला फक्त अधिकाधिक नेमके करतात.

शेवटचे पद मालक आहे याचा पुरावा व्याकरण देते. गेझेट्स हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून अख्खा शब्द नपुंसकलिंगी होतो, जरी पोटातली बहुतेक पदे स्त्रीलिंगी असली तरी. अनेकवचन करायचे तर प्रत्ययही त्या शेवटालाच लागतो. मराठीत ‘ते पुरण’, पण ‘ती पुरणपोळी’; तिथेही लिंग पोळीचे, पुरणाचे नव्हे. आपण हे इतक्या सहज करतो की नियम म्हणून कधी लक्षात येत नाही. युरोपातल्या भाषाशास्त्राने मात्र समासांचे प्रकार मांडताना भारतीय वैयाकरणांकडून नावेही उचलली. तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही या संज्ञा जर्मन व्याकरणग्रंथांत आजही भेटतात. रॉबिन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला जर्मनमध्ये ‘रोटकेल्खेन’ म्हणतात: लाल गळा आहे ज्याचा तो, छोटासा. आपला नीलकंठ ज्या रीतीने झाला, त्याच रीतीने तो झाला आहे. आपला मोठा शब्द मात्र बहुव्रीही नाही. तो अथपासून इतिपर्यंत तत्पुरुष आहे.

मालक सापडला की सांधे शोधायचे. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते, पण समासात फक्त पहिले अक्षर मोठे राहते. आत शिरलेली नामे आपली मोठी अक्षरे गमावतात आणि सांधे दिसेनासे होतात. अशा वेळी मी ‘उंग’ शोधते. या शब्दात तो तीनदा येतो आणि तिन्ही वेळा त्याच्यामागे एक ‘स’ चिकटलेला आहे. ‘उंग’ हा प्रत्यय क्रियापदाचे नाम करतो, आपल्या ‘-णी’सारखा. नोंदणे, नोंदणी, तपासणे, तपासणी, मोजणे, मोजणी. ‘उंग’ची नामेही ‘-णी’च्या नामांप्रमाणे स्त्रीलिंगीच असतात. ‘उंग’ संपला की एक पद संपले, असा पक्का भरवसा नेहमीच देता येत नाही, पण ‘उंग’ आणि लगेच ‘स’ आला आणि पुढे शब्द चालू राहिला, तर तिथे सांधा आहे हे जवळपास नक्की समजावे.

हा ‘स’ कुतूहलाचा आहे. नवखा विद्यार्थी त्याला षष्ठीचा प्रत्यय समजतो, कारण पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांच्या षष्ठीत जर्मनमध्ये बहुधा ‘स’ येतो. पण स्त्रीलिंगी नामांना षष्ठीत ‘स’ लागत नाही आणि ‘उंग’ची सगळी नामे स्त्रीलिंगी. म्हणजे हा ‘स’ विभक्तीचा नव्हे. तो केवळ जोडणारा आहे. जर्मन व्याकरणकार त्याला ‘फूगे’ म्हणतात, म्हणजे दोन वस्तू जिथे जुळतात ती फट किंवा सांधा. त्याला स्वतःचा अर्थ नाही. सगळ्याच सांध्यांत तो नसतो, ही त्यातली अडचण. रिंट आणि फ्लाइश यांच्यामध्ये काहीच नाही. ‘रिंडरब्राटेन’ या भाजलेल्या मांसाच्या पदार्थात त्याच गाय-बैलापुढे ‘एर’ येतो आणि ‘रिंट्सलेडर’ या कातड्यात ‘स’. एकच पद तीन शब्दांत तीन प्रकारे जोडले जाते आणि याचा एकच सोपा नियम सांगता येत नाही. जर्मन माणूस ते कानाने शिकतो.

कानाचा इथे फार उपयोग आहे. आपल्या शब्दातली चार पदे स्वराने सुरू होतात: एटिकेटीरुंग, यूबरवाखुंग, आउफगाबेन, यूबरट्रागुंग. जर्मन बोलताना पदाच्या आरंभी स्वर आला की घशात क्षणभर हवा अडते आणि मग स्वर फुटतो. मागच्या व्यंजनात तो मिसळत नाही. म्हणून कागदावर भिंतीसारखा दिसणारा हा शब्द कोणी नीट वाचून दाखवला की त्याची पदे सुटी ऐकू येतात. ‘श्टाउ’ म्हणजे अडवणे आणि ‘बेकेन’ म्हणजे कुंड. दोन्ही मिळून धरणामागचा जलाशय. ‘श्टाउप’ म्हणजे धूळ, ‘एकेन’ म्हणजे कोपरे. दोन्ही मिळून धुळीचे कोपरे. दोन्ही शब्दांचे जर्मन स्पेलिंग अक्षर न अक्षर तेच आहे. पण धूळ बोलताना पदाच्या शेवटचा ‘ब’ ‘प’ होतो आणि पुढच्या ‘ए’आधी घसा अडतो. कान फसत नाही. फसतात ते डोळे.

आपल्या शब्दातही डोळ्यांना फसवणारी एक जागा आहे आणि ती नेमकी या विषयाला साजेशी आहे. ‘एटिकेटीरुंग’च्या पोटात ‘टीर’ दिसतो. टीर म्हणजे प्राणी. गाई-बैलांच्या कायद्यात प्राणी सापडला की पटकन वाटते, हाच तो सांधा. पण मग मागे ‘एटिकेट’ अर्धवट तुटून उरते आणि पुढे नुसता ‘उंग’ लोंबकळतो. तिथे प्राणी नाही. ‘एटिकेट’ म्हणजे वस्तूवर चिकटवायची चिठ्ठी, लेबल. ‘ईरेन’ हा त्याचे क्रियापद करणारा प्रत्यय. चुकीचा छेद ओळखायची माझी खूण हीच आहे: कापल्यावर दोन्ही बाजूंना पुरता शब्द उरला पाहिजे. एकीकडे शब्द आणि दुसरीकडे तुकडा उरत असेल तर हात आवरावा.

सांधे मिळाले. आता उजवीकडून एकेक पद उघडत डावीकडे यायचे आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायचा.

कायदा. कशाचा कायदा? यूबरट्रागुंगचा. ‘ट्रागेन’ म्हणजे वाहणे, ‘यूबर’ म्हणजे पलीकडे. इकडून तिकडे वाहून नेणे. या ठिकाणी शब्दकोश उघडणारा भाषांतरकार घसरू शकतो, कारण यूबरट्रागुंग हा शब्द फार पसरलेला आहे. क्रिकेटचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवणे ही यूबरट्रागुंग. एका भाषेतली कविता दुसरीत आणणे हीसुद्धा यूबरट्रागुंग. आणि रोगाचा संसर्ग, तोही यूबरट्रागुंगच. शब्दात गुरे आहेत, मांस आहे, काळ १९९९चा, युरोपात गुरांच्या रोगाच्या घबराटीचा आहे. तेव्हा हा संसर्गाविषयीचा कायदा असणार असे कोणालाही वाटेल. तसे वाटणे अडाणीपणाचे नाही, उलट थोडी माहिती असलेल्यालाच ते वाटेल. पण निर्णय शेजारचे पद देते. काय वाहून नेले जात आहे? आउफगाबेन.

आउफगाबे म्हणजे नेमून दिलेले काम. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येक पुणेकर विद्यार्थ्याला हे पद पहिल्या आठवड्यातच भेटते, कारण घरी करायचा अभ्यास म्हणजे ‘हाउसआउफगाबे’. इथे ते अनेकवचनी रूपात आहे. तेव्हा वाहून न्यायचा आहे तो रोग नव्हे, कामे. कामे एकाकडून दुसऱ्याकडे जायची म्हणजे सोपवणे, हस्तांतर. आता हाती आले: कामे सोपवण्याचा कायदा.

कोणती कामे? यूबरवाखुंगची. ‘वाखेन’ म्हणजे जागे राहणे, पहारा करणे. ‘यूबर’ इथे ‘वरून’ या अर्थाने. वर राहून जागता पहारा ठेवणे, म्हणजे देखरेख. एकाच शब्दात ‘यूबर’ दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळ्या अर्थाने आला. एकदा पलीकडे, एकदा वरून. असे असल्यामुळेच पदांचा अर्थ एकटा पाहून चालत नाही. देखरेखीची कामे सोपवण्याचा कायदा.

देखरेख कशावर? एटिकेटीरुंगवर. चिठ्ठ्या लावण्यावर. आणि चिठ्ठ्या कशाला लावायच्या? रिंटफ्लाइशला.

गाई-बैलांच्या मांसाला चिठ्ठ्या लावण्याच्या कामावर देखरेख ठेवण्याची कामे सोपवण्याचा कायदा. मराठीत हा दहा शब्दांचा वाक्यांश झाला आणि त्यातला क्रम जर्मन शब्दासारखाच, डावीकडून उजवीकडे तसाच राहिला. मला हे पहिल्यांदा जाणवले तेव्हा फार आनंद झाला होता. इंग्रजीत हेच सांगायचे तर बहुधा क्रम उलटावा लागतो: कायदा आधी, मांस शेवटी. मराठीचे विशेषण नामाआधी येते, आपली षष्ठी नामाआधी येते, म्हणून जर्मन समासाची पदे आपण त्याच ओळीत ठेवून मध्ये ‘च्या’, ‘वर’, ‘ण्याचा’ भरत जातो. जर्मनने जे विभक्तिप्रत्यय गाळले, ते मराठी विग्रह परत भरतो. त्यासाठी वाचायचे मात्र शेवटाकडून, लिहायचे सुरुवातीकडून.

इथपर्यंत आपले नशीब बरे होते. या शब्दाची बांधणी सरळ आहे. पहिले दोन घ्या, त्यांना तिसरे जोडा, त्या तिघांना चौथे, असे करत शेवटपर्यंत जाता येते. सगळेच शब्द असे नसतात. जर्मनीच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचे नाव आहे ‘बुंडेसफेरफासुंग्सगेरिष्ट’. तीन मुख्य पदे: बुंडेस म्हणजे संघराज्य, फेरफासुंग म्हणजे घटना, गेरिष्ट म्हणजे न्यायालय. डावीकडून गट पाडत गेलो तर ‘संघराज्याच्या घटनेचे न्यायालय’ असा अर्थ निघेल. पण खरा गट पुढच्या दोघांचा आहे. आधी ‘घटना-न्यायालय’ हा शब्द झाला आणि मग कोणते, तर संघराज्याचे. राज्यांनाही आपापली घटना-न्यायालये आहेत, हे ज्याला माहीत आहे त्याला हा गट लगेच कळतो. लिहिलेल्या शब्दात कंस नसतात. बोलताना आघाताने थोडी मदत होते, कारण या नावात जोर ‘बुंडेस’वर न पडता ‘फासुंग’वर पडतो.

मेक्लेनबुर्गच्या कायद्याने आपला गट सिद्ध करायला एक चांगला पुरावा मागे ठेवला आहे. त्याचे पूर्ण नाव याहून मोठे होते. सुरुवातीला आणखी एक शब्द होता, ‘रिंडरकेनत्साइखनुंग्स’. त्याच्यामागे आडवी रेघ, मग ‘उंट’ म्हणजे ‘आणि’, आणि मग आपला ६३ अक्षरांचा शब्द. केनत्साइखनुंग म्हणजे ओळखीची खूण करणे. जर्मनमध्ये दोन समासांचा शेवट सारखा असेल तर तो एकदाच लिहितात आणि पहिल्याच्या जागी आडवी रेघ लटकवून ठेवतात. ती रेघ सांगते, माझा उरलेला भाग पुढे आहे, तिथून घ्या. कुठून घ्यायचा? ‘यूबरवाखुंग’पासून पुढचा सगळा. म्हणजे एक देखरेख गुरांवर खूण करण्याच्या कामावर आणि दुसरी मांसाला चिठ्ठी लावण्याच्या कामावर. अशी रेघ खऱ्या सांध्यावरच मारता येते. ती मारता आली, याचाच अर्थ देखरेखीच्या आधीचा सांधा पक्का आहे.

कायद्याचे अधिकृत लघुरूपही तेच सांगते. त्यात मोठी आणि लहान अक्षरे मिसळलेली आहेत: मोठा आर, लहान के, मोठा आर, लहान ई, मग दोन टिंबांचा मोठा यू, मोठा ए, पुन्हा तसाच यू आणि शेवटी मोठा जी. पहिल्या जोडीत गुरे आणि त्यांची खूण, दुसऱ्या जोडीत मांस आणि त्याची चिठ्ठी, आणि मग एकेका मोठ्या अक्षरात देखरेख, कामे, सोपवणूक, कायदा. समासात पुसली गेलेली मोठी अक्षरे लघुरूपाने परत आणून ठेवली. जर्मन कायद्याचे नाव समोर आले की मी आता आधी त्याचे लघुरूप शोधते. ज्यांनी शब्द बांधला त्यांनीच तिथे सांधे दाखवलेले असतात.

सांधे कळले, गट कळले, तरी एक गोष्ट राहते. दोन पदांमधले नाते समास उघड करत नाही. जर्मनीतल्या कुठल्याही खाणावळीच्या यादीत ‘श्निट्सेल’ म्हणजे कापून, ठेचून पातळ केलेल्या मांसाच्या तळलेल्या कापाचे प्रकार असतात. ‘श्वाइनेश्निट्सेल’ हा डुकराच्या मांसाचा, ‘येगरश्निट्सेल’ हा शिकाऱ्यांच्या पद्धतीचा, अळिंबीच्या रश्शासह, आणि ‘किंडरश्निट्सेल’ हा मुलांसाठी, लहान आकाराचा. बांधणी तिन्हीची एकच, नाती तीन. आपल्याकडे पुरणपोळी पुरण घालून केलेली, बैलगाडी बैलांनी ओढायची आणि गायरान गाईंसाठी राखलेले. यातले काहीच शब्दात लिहिलेले नाही. आपल्या वैयाकरणांनी मधले पद लोप पावले असे म्हणून ‘मध्यमपदलोपी’ हे नाव दिले, आणि मला ते नाव फार अचूक वाटते. लोपलेले पद भाषेत सापडत नाही. ते जगात शोधावे लागते.

मग जग पाहू. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांचा एक नवा रोग ओळखला गेला. गुरे लडखडत, बिथरत आणि मरत. मेंदूला बारीक छिद्रे पडलेली आढळत. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांच्याच खाद्यात मिसळल्यामुळे तो पसरला. मार्च १९९६मध्ये ब्रिटिश सरकारने मान्य केले की माणसांत दिसू लागलेल्या मेंदूच्या एका जीवघेण्या आजाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. युरोपभर घबराट पसरली. या रोगाची घातक गोष्ट अशी की विकायला ठेवलेल्या मांसाकडे पाहून, हुंगून, शिजवून काहीही कळत नाही आणि नेहमीच्या शिजवण्याने त्याचे कारण नष्टही होत नाही. जनावरातही तो वर्षानुवर्षे लक्षण न दाखवता राहतो. तेव्हा गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारता येते: हे जनावर कुठे जन्मले, कुठे वाढले, कुठे कापले गेले? याचे उत्तर मांसात नसते, कागदावर असते. १९९७मध्ये युरोपीय संघाने गुरांच्या दोन्ही कानांत क्रमांकाचा बिल्ला, प्रत्येक जनावराचा दाखला आणि मांसावर चिठ्ठी यांची व्यवस्था घालून दिली. कानातला बिल्ला म्हणजे केनत्साइखनुंग, मांसावरची चिठ्ठी म्हणजे एटिकेटीरुंग. आपल्याकडे आता गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो. त्याच जातीची ही खूण.

चिठ्ठीवर खोटे लिहिता येते, म्हणून देखरेख. देखरेख कोणी करायची, हा पुढचा प्रश्न आणि तिथे जर्मनीची राज्यघटना येते. तिच्या ८३व्या कलमाप्रमाणे संघराज्याचे कायदे अमलात आणणे हे सर्वसाधारणपणे राज्यांचे काम आहे. युरोपने नियम केला, बर्लिन-बॉनने त्यासाठी कायदा केला आणि अंमलबजावणी राज्यांवर आली. राज्याने आपल्या कोणत्या कार्यालयाने हे काम करायचे ते ठरवायचे आणि अधिकार असा इकडून तिकडे द्यायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा. म्हणून सोपवणूक, म्हणून कायदा. शब्दाच्या डाव्या टोकाला गोठा आहे, उजव्या टोकाला श्वेरीनचे विधिमंडळ. मधली पदे ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जबाबदारी कशी चढत गेली त्याच्या पायऱ्या आहेत. नोव्हेंबर २०००मध्ये जर्मनीत जन्मलेल्या गाईत हा रोग पहिल्यांदा सापडला, शेजारच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात. त्यानंतर या शब्दावर हसणे तिथल्या शेतकऱ्यांना सोपे गेले नसेल.

मी या शब्दाची बाजू घेते, कारण तो काहीही वाढवून सांगत नाही. त्यातले एक पद काढून पाहा, कायदा दुसराच होतो. देखरेख काढली तर चिठ्ठ्या लावण्याचेच काम सोपवले असे होईल. कामे काढली तर सोपवणे कशाचे ते डगमगते. पण या शब्दावर माझा एक आक्षेपही आहे आणि तो लांबीविषयी नाही. त्यात तीन क्रिया आहेत: चिठ्ठी लावणे, देखरेख करणे, सोपवणे. तिन्हींना ‘उंग’ लागला आणि तिन्हींचे कर्ते नाहीसे झाले. चिठ्ठी कोण लावतो? पहारा कोण करतो? कोण कोणाकडे सोपवतो? मराठीत ‘तपासणी करण्यात येईल’ असे सरकारी पत्रात वाचले की कोण करणार ते कळत नाही, तसेच हे आहे. समास वस्तूंची नावे ठेवायला उत्तम आहे. माणसांची जबाबदारी सांगायला त्याच्याइतके अपुरे दुसरे काही नाही. भाषांतर करताना म्हणून मी शब्दापाशी थांबत नाही. कायद्याची पहिली कलमे वाचते आणि तिथून कर्ते उचलून वाक्यात बसवते. विग्रह पुरा होतो तो तिथे.

२०१३ साली युरोपचे नियम बदलले, कायद्याची गरज उरली नाही आणि तो रद्द झाला. शब्दाला राहायला घरच उरले नाही. डूडेन या प्रसिद्ध शब्दकोशात तो आधीही नव्हता, कारण तिथे शब्द वापरावरून घेतले जातात आणि हा वापरणारे फार थोडे होते. आता तो वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत आणि माझ्यासारख्यांच्या वहीत आहे.

वाचकांना मात्र एक जिवंत शब्द देते. जर्मनीत तो रोजच्या व्यवहारात आहे आणि त्याची अक्षरे ३९ आहेत: रेष्ट्सशुट्सफेरसिखरुंग्सगेझेलशाफ्टेन. रेष्ट म्हणजे हक्क किंवा कायदा, शुट्स म्हणजे संरक्षण, फेरसिखरुंग म्हणजे विमा, गेझेलशाफ्ट म्हणजे कंपनी, शेवटचे ‘एन’ अनेकवचनाचे. दोन ठिकाणी जोडणारा ‘स’ आहे, एका सांध्यावर तो नाही. कोर्टकचेरीचा खर्च भागवणाऱ्या एका व्यवस्थेशी त्याचा संबंध आहे, एवढी जगाची माहिती पुरे. शेवटून सुरू करा, प्रत्येक सांध्यावर ‘कशाचा?’ विचारा, आणि ‘उंग’ लागलेल्या पदात लपलेला कर्ता शोधून विग्रहाचे वाक्य पुरे लिहून काढा.